‘सगळं तुझंच आहे’ म्हणजे नक्की काय?

*मी २८ वर्षांची आहे. पुण्यात एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते, हातात महिना ६२ हजार येतात. वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा कारखाना आहे, बाबा आणि काकांची भागीदारी. बी काका घेतात, कारखाना बाबा बघतात. चुलत दादा चार वर्षांपासून तिथेच आहे, त्याला ठरावीक पगार नाही. दोन वर्षं बाबा सांगतायत, परत ये. माझं काम काय, पगार किती, असं विचारलं की म्हणतात, ‘ह्या सगळा तुझाच आसा, तुका पगार कित्याक व्हयो?’ मला कारखाना आवडतो, पण घरात ‘मदत करणारी मुलगी’ होऊन राहायचं नाही. नोकरी सोडू का? आणि सोडली तर माझी जागा कशी मागू?*

नोकरी आज सोडू नका. सोडायची की नाही, हे येत्या तीन महिन्यांत कळेल, आणि ते कळायला आधी बाबांच्या वाक्यात किती वजन आहे ते तपासावं लागेल. बाबा मनापासून बोलतायत, यात शंका नाही. पण भागीदारीच्या कायद्यात, म्हणजे १९३२ च्या भागीदारी अधिनियमात, सगळ्या भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार घेता येत नाही. करारात काही वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ‘सगळं तुझंच’ हे देणं एकट्या बाबांच्या हातात नाही, त्याला काकांचा होकार लागतो. भागीदारीचा करार कपाटात कुठेतरी असेलच. तो आधी वाचा. नफ्याची वाटणी, भागीदाराचा मोबदला आणि एक भागीदार गेल्यावर काय, एवढी तीन कलमं पुरेशी आहेत. शेवटचं कलम नसेल, तर दोनच भागीदारांच्या संस्थेत एकाच्या मृत्यूने भागीदारी संपते. हे घरात कुणी बोललेलं नसतं. कारखान्याची जमीन कुणाच्या नावावर आहे, हे सातबाऱ्यावर वेगळं बघा. जमिनीतला वारसाहक्क आणि धंद्यातली भागीदारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बोलताना त्या एकात मिसळल्या की विषय पगारावरून वाटणीवर जातो.

आता पैशांकडे येऊ. तुमच्या कारखान्याचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून वर्षाला १०० टन बी फोडणारा कारखाना धरते. भाव हिशेबापुरते मानलेले आहेत, तुम्ही वहीतले घाला. बी १२० रुपये किलोने घेतली तर १ कोटी २० लाख. उतारा २५ टक्के धरला तर २५ टन काजूगर. अखंड, पाकळी, तुकडा सगळं मिळून सरासरी ६७० रुपये भाव मिळाला तर विक्री १ कोटी ६७ लाख ५० हजार. बी उकडण्यापासून पॅकिंगपर्यंतचा खर्च बीच्या किलोमागे २५ रुपये, म्हणजे २५ लाख. बँकेच्या सीसीवर, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जखात्यावर, वर्षभर सरासरी ५० लाख उचललेले असतील, तर ११ टक्क्यांनी व्याज साडेपाच लाख. उरले १७ लाख, दोन घरांत साडेआठ-साडेआठ, तेही कर भरण्याआधी.

तुमचा पुण्यातला पगार वर्षाला ७ लाख ४४ हजार आहे, म्हणजे जवळजवळ एका घराच्या हिश्शाएवढा. ‘पगार कित्याक व्हयो’ याच्यामागे बरेचदा हा आकडा असतो. बाबा तो बोलून दाखवत नसतील इतकंच. म्हणून तुमचा प्रश्न ‘मला किती देणार’ इथून सुरू झाला तर अडेल. आज नसलेला पैसा कारखान्यात कुठून येईल आणि तो माझ्या कामातून आला हे कसं दिसेल, इथून तो सुरू व्हायला हवा.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बी मार्च ते मे या अडीच-तीन महिन्यांत घ्यावी लागते आणि काजूगर वर्षभर विकला जातो, त्यातला मोठा माल दिवाळीच्या आधी. मधल्या काळात भाव किलोमागे ६८ रुपयांनी पडला, तर २५ हजार किलोवर पूर्ण १७ लाख गेले. तुमच्या काकांनी इतकी वर्षं ही जोखीम खांद्यावर घेतली आहे. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा हे ध्यानात असू द्या.

परत येणाऱ्या मुलामुलींच्या डोक्यात पहिली कल्पना बहुधा आपल्या नावाच्या पाकिटांची असते. पाव किलोची पाकिटं, पुण्या-मुंबईत थेट विक्री. कल्पना वाईट नाही, आणि ‘वेंगुर्ला काजू’ला भौगोलिक मानांकनही आहे. पण पहिली भूमिका म्हणून ती मी सुचवणार नाही. पाकिटांसाठी तुम्ही कारखान्याचा सगळ्यात चांगला अखंड माल उचलणार, तो कारखान्याने तुम्हाला कोणत्या भावाने दिला यावर तुमचा सगळा नफा ठरणार. भाव कमी लावला तर काका म्हणतील, आमचाच नफा तू दाखवतेस. बाजारभाव लावला तर पाकिटाचा, कुरिअरचा आणि दुकानदाराच्या उधारीचा खर्च जाऊन पहिल्या वर्षी फारसं काही उरत नाही. दोन्हीकडून वाद ठरलेला. शिवाय घाऊक व्यापारी अखंड आणि तुकडा मिळून माल घेतो. त्यातला अखंड कमी झाला की उरलेल्या मालाला भाव पडतो.

तुमची जागा उताऱ्यात आहे. तुमचं शिक्षण आणि नोकरी नेमकी त्याच कामाची आहे, आणि १०० टनांच्या कारखान्यात उताऱ्याचा एक टक्का म्हणजे एक टन काजूगर.

फक्त ‘उतारा वाढवते’ असं म्हणून भूमिका मागू नका. उतारा वाढला की ‘यंदा बीच चांगली होती’ आणि घटला की ‘तू आल्यापासून घटला’, असं होतं, आणि दोन्ही वेळा समोरच्याला खोटं पाडता येत नाही. बीचा गुण आणि कारखान्यातली गळती वेगवेगळी मोजली तरच तुमचं काम दिसेल. त्यासाठी प्रत्येक लॉटची कटिंग टेस्ट घ्यायची. पोत्यांच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ बी काढून मिसळा, त्यातली बरोबर एक किलो घ्या, बिया मोजा, सगळ्या फोडा. चांगला गर, सुरकुतलेला किंवा डागी गर आणि सडका गर वेगळे करा. चांगल्या गराचं सालीसकट वजन घ्या, डागी गराचं निम्मं वजन त्यात मिळवा, सडका सोडून द्या. एका ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. २९० ग्रॅम आलं तर त्या लॉटचा चाचणीतला उतारा २९. मग तोच लॉट कारखान्यातून वेगळा जाऊ द्या आणि शेवटी किती काजूगर निघाला ते लिहा. २५ निघाला तर फरक ४.

हा फरक शून्यावर येणार नाही, हे घरात आधीच सांगा. चाचणीतल्या गरावर साल असते आणि तो ओला असतो. कारखान्यातून निघालेला गर सोललेला आणि वाळलेला. चारातला मोठा भाग यातच जातो. उरलेली गळती मात्र धरता येते. बी नीट उकडली नाही, किंवा लहान-मोठी बी एकाच मापाच्या कटरवर गेली, तर गर टरफलात अडकतो किंवा पातं त्याच्यावर बसतं. ड्रायरमध्ये गर साधारण ७० अंशांवर सहा ते आठ तास वाळतो. कमी वाळला तर साल सुटत नाही, बायकांना सुरीने खरवडावी लागते आणि गर दुभंगतो. जास्त वाळला तर हात लावताच तुटतो. शेवटची बी मेअखेरच्या वळवात भिजलेली असते. ती स्वस्त मिळते म्हणून घेतली आणि नीट न वाळवता गोदामात थप्पी लावली, तर पावसाळ्यात आतून काळी पडते. यातलं बरंच बाबांना माहीत आहे. पण कुठल्या लॉटमध्ये, कोणत्या टप्प्यावर किती गेलं, हे लिहिलेलं नसतं, आणि ती वही चालवणं ही तुमची भूमिका.

समजा दुसऱ्या हंगामात फरक चारावरून साडेतीनवर आला. १०० टनांवर ५०० किलो काजूगर जास्त. हा बहुतेक पाकळी-तुकडाच असेल, ५५० रुपयांनी धरला तर पावणेतीन लाख. आणि अखंडाचं प्रमाण ६० वरून ६५ टक्के झालं, तर १,२५० किलो माल तुकड्याऐवजी अखंडाच्या भावाने जाईल. किलोमागे १५० रुपयांचा फरक धरला तर १ लाख ८७ हजार ५००. एकूण ४ लाख ६२ हजार ५००. तुमचा पगार महिना ३० हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार, आणि वाढीव कमाईचा पाचवा हिस्सा म्हणजे ९२ हजार ५००. हातात साडेचार लाख आले, आणि कारखान्याला तुम्ही जवळजवळ तेवढंच मिळवून दिलंत. दुसऱ्या वर्षी तुम्ही फक्त स्वतःचा खर्च भरून काढाल. पहिल्या वर्षी तेही नाही, कारण पहिला हंगाम नुसता मोजण्यात जाईल. पुण्यातलं भाडं वाचलं तरी पहिली दोन वर्षं तुमच्या हातात आजच्यापेक्षा कमी राहणार. हे तुम्हाला चालणार नसेल, तर इथेच थांबणं बरं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

चालणार असेल, तर दादाचा विषय सगळ्यात आधी. तो चार वर्षं पगाराविना आहे, लागेल तसे पैसे काकांकडून घेत असणार. तुम्ही पगारावर आलात आणि तो तसाच राहिला, तर काकूंच्या मनात जे येईल ते साहजिक असेल. म्हणून ‘मला पगार हवा’ असं मांडू नका. ‘कारखान्यात काम करणाऱ्या पुढच्या पिढीतल्या प्रत्येकाला पगार’ असा नियम मांडा. दादाला ३० हजार, तुम्हाला ३० हजार. नफा ७ लाख २० हजारांनी कमी होईल, प्रत्येक घराचे ३ लाख ६० हजार जातील आणि तेवढेच त्या घरात पगार म्हणून परत येतील. नफ्याची वाटणी समान असेल, तर दोन घरांत कुणाचं काही बिघडत नाही. वर कामाचा मोबदला काम करणाऱ्याच्या नावावर पडू लागतो. मला हा या सगळ्या बोलणीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. तुमचा पगार बाबांनी आपल्या हिश्शातून द्यावा, असा सोपा तोडगा कुणी सुचवेल. तो घेऊ नका. मग तुम्ही कारखान्याच्या नाही, बाबांच्या माणूस ठरता, आणि काकांच्या लॉटची चाचणी घ्यायचा हक्क तुम्हाला उरत नाही.

पगार दर महिन्याला बँकेत जमा व्हावा, पगारपत्रकासह. संस्थेच्या हिशेबात तो खर्च म्हणून धरता येतो, फक्त नातेवाइकाचा पगार कामाच्या मानाने रास्त असावा लागतो. उद्या तुम्हाला पुन्हा नोकरी शोधायची झाली किंवा घरासाठी कर्ज काढायचं झालं, तर ही मधली वर्षं कागदावर दिसली पाहिजेत.

भागीदार मात्र इतक्यात होऊ नका. भागीदार असताना संस्थेने केलेल्या देण्याला प्रत्येक भागीदार एकटाही पूर्ण जबाबदार असतो, हिस्सा दहा टक्के असला तरी. सीसीचं नूतनीकरण होताना बँक नव्या पिढीची हमी मागू शकते, आणि घरचे म्हणतील, नुसती सही तर आहे. त्या सहीने तुमची पुण्यातली शिल्लकही त्या कर्जाला जोडली जाते. दोन हंगाम पगारावर काम, नंतर भागीदारीवर बोलणं, आणि तोवर कुठल्याही कर्जाला हमी नाही, हे आधीच सांगून ठेवा.

बोलायची वेळ नीट निवडा. एप्रिल-मेमध्ये हा विषय काढू नका, तेव्हा काकांच्या डोक्यात फक्त भाव आणि पोती असतात. गणपतीत सगळे घरी असतात म्हणून मोह होईल, पण पाहुण्यांनी भरलेल्या घरात असं बोलणं होत नाही. विसर्जन होऊन चाकरमानी परतले की दोन दिवस जास्त राहा. आधी एकट्या बाबांशी बोला. मग बाबांना सांगून काकांकडे जा, आणि चौघांनी एकत्र बसायच्या आधी जा. काकांना असं वाटायला नको की भावाच्या मुलीने आपली खरेदी तपासायचं ठरवलंय. त्यांना म्हणा, ‘काका, बी तुम्हीच घ्यायची, भाव तुम्हीच ठरवायचा. मी लॉट उतरताना एक किलो फोडून आकडा तुम्हाला देईन, पुढच्या वेळी त्या बागायतदाराशी किंवा व्यापाऱ्याशी बोलताना तो तुमच्या कामी येईल.’ आकडा आधी काकांना, मग वहीत, हा क्रम कायम पाळा. दादालाही वेगळं भेटा आणि पगाराचा नियम त्याच्याकडूनच मांडला गेला तर फारच उत्तम.

मग चौघांच्या बैठकीत एक पानाचं टिपण करा. वकिली भाषा नको, वहीच्या कागदावर चालेल, पण सह्या हव्यात. आई आणि काकूंनाही त्या बैठकीत बसवा, दोन्ही घरांचा पैसा त्यांच्या डोळ्यांसमोरून जातो. तुमच्या कामाची हद्द त्यात स्पष्ट असावी: लॉटची चाचणी, बी वाळवणं आणि साठवणं, उकडणं, कटिंग, ड्रायर, सोलणी, आणि रोजची वही. या हद्दीत न विचारता एका वेळी १५ हजारांपर्यंत खर्च करता यावा, म्हणजे पातं बदलायला किंवा ड्रायरचा तापमापक आणायला तीन दिवस परवानगीची वाट बघावी लागणार नाही. पगार, वाढीव कमाईतला हिस्सा, ती मोजायची पद्धत आणि दोन हंगामांची मुदत लिहा. सोडायचं झालं तर दोन्ही बाजूंनी तीन महिन्यांची सूचना, आणि वह्या कारखान्यातच राहतील. तुमच्या लग्नाचा उल्लेख पानावर कुठेही नको. कुणी काढलाच, तर तीन महिन्यांच्या सूचनेचं कलम दाखवा, दादालाही तेच लागू आहे.

पान झालं तरी जागा हातातून निसटते, आणि ती दोन वाटांनी निसटते. एक, कामगारांकडून. ड्रायर आठ तास चालवा म्हणून तुम्ही सांगाल, बाबा येऊन सहा तासांनी बंद करायला सांगतील, आणि बायका बाबांचं ऐकतील. त्यांनी तेच करायला हवं, त्यांची रोजी तिथे आहे. म्हणून पहिल्या दिवशी बाबांनी सगळ्यांसमोर सांगावं की या खात्याचं आता हिला विचारायचं, आणि तक्रार घेऊन कुणी आलं तर तिला विचार म्हणून परत पाठवावं. सोलणीच्या दराला हात घालताना फार जपा. किलोवर मजुरी असेल तर बायका वेगाने सोलतात आणि माल तुटतो. अखंडाला वाढीव दर ठेवला तर तूट कमी होते, पण जुना दर कापून तो वाढीव देऊ नका. कापलेला दर गावात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतो आणि हात दुसऱ्या कारखान्यात जातात. किमान वेतनाखाली तर जाताच येत नाही.

दुसरी वाट कौतुकाची असते. मुलगी शिकलेली, म्हणून जीएसटीचं पोर्टल, बँकेची कागदपत्रं, वाहतुकीची बिलं, पाहुण्यांना कारखाना दाखवणं, सगळं हळूहळू तुमच्याकडे येतं. ते हिशेबनीसाकडेच राहील, असं पानावर लिहून घ्या. खूण सोपी आहे: मे महिन्यात चाचणीच्या वहीत आठवडाभर नोंद नसेल, तर तुमची भूमिका गेलेली आहे आणि त्याच आठवड्यात बसून बोलायला हवं.

हिशेबाच्या वह्या दाखवायला नकार आला, काका चाचणीला कुठल्याच अटीवर तयार झाले नाहीत, किंवा तुम्ही रुजू होण्याआधीच हमीच्या सहीची मागणी आली, तर पुण्यातच राहा. तेव्हाही एप्रिलमध्ये दहा दिवसांची रजा काढून चार-पाच लॉट फोडून आकडे काकांच्या हातात देता येतील. पुढच्या वर्षी बोलणं पुन्हा निघालं तर ते त्या आकड्यांवर निघेल.

आणि होकार आला तर राजीनामा सह्या झाल्यानंतरच. तीन महिन्यांची नोटीस असेल, तर ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला द्या, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला तुम्ही घरी असाल. बी यायला मार्च उजाडतो. त्या मधल्या महिन्यात मागच्या तीन हंगामांची आलेली बी आणि निघालेला काजूगर, ग्रेडनुसार, वहीतून उतरवून काढा, आणि सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम स्वतःच्या खात्यात बाजूला ठेवूनच गाडीत बसा.